हसली म्हणजे आवडलं? ‘थट्टेची नाती’ हा जुना लेख शेलूबाजारात बसून वाचताना

तुमच्यापैकी जे सेट-नेट किंवा पेटची तयारी करत आहेत, त्यांनी समाजशास्त्राच्या नोट्समध्ये ‘थट्टेची नाती’ हा मुद्दा एका ओळीत पाठ केलेला असेल. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन, १९४०. प्रश्न येतो, आपण पर्याय निवडतो, एक मार्क पडतो, पुढे जातो. मला आज त्या एका ओळीपाशी थोडं थांबायचंय. त्या ओळीत एक भोक आहे, आणि आपल्यातली बरीच पोरं (आणि काही मोठे प्राध्यापकही) रोज त्या भोकातून आरपार जाऊन येतात आणि त्यांना कळतसुद्धा नाही.

आधी लेख काय म्हणतो ते साध्या भाषेत बघू. ‘आफ्रिका’ नावाच्या नियतकालिकात हा लेख आला. त्यातली व्याख्या अशी: थट्टेचं नातं म्हणजे दोन माणसांमधलं असं नातं, ज्यात रूढीनुसार एकाला दुसऱ्याची चेष्टा करायची मुभा असते, काही ठिकाणी तर ती करावीच लागते, आणि ज्याची चेष्टा होते त्याने राग मानायचा नसतो. लेखक पुढे दोन प्रकार पाडतो. एक बरोबरीचं: दोघंही एकमेकांची खेचतात. दुसरं एकतर्फी: एक जण खेचतो, दुसऱ्याने ते हसून घ्यायचं, परतफेड करायची नाही, किंवा केलीच तर थोडीशी.

आपल्याकडे हे समजायला आफ्रिकेत जावं लागत नाही. लग्नात नवरदेवाचे बूट लपवणाऱ्या साळ्या, धाकटा दीर आणि वहिनी, मेहुणा आणि मेहुणी ही सगळी रॅडक्लिफ-ब्राउनच्या चौकटीत बसणारी माणसं आहेत. त्याचं कारणही पटण्यासारखं आहे. लग्नाने दोन घरं जोडली जातात आणि त्याच वेळी त्या दोन घरांचे हितसंबंध वेगळेही राहतात. हा ताण भांडणात जाऊ नये म्हणून समाज दोन उपाय काढतो. एक म्हणजे टोकाचा आदर आणि अंतर. उदाहरणार्थ जावई आणि सासू, किंवा पूर्वी सून आणि सासरे. दुसरा उपाय म्हणजे परवानगी मिळालेला चावटपणा. इथपर्यंत मला लेख आवडतो. भांडण टाळायला भांडणाचंच सोंग आणायचं, हे त्याने फार चांगलं पकडलंय.

आता भोक. ‘दुसऱ्याने राग मानायचा नसतो’ हे वाक्य परत वाचा. हा नियम आहे, त्या माणसाला काय वाटलं याची नोंद नाही. ज्या नात्यात राग दाखवायलाच बंदी आहे, त्या नात्यात राग दिसला नाही म्हणून तो नव्हता असं कसं म्हणणार? वहिनी हसली. तिला हसणं भागच होतं. मग त्या हसण्यावरून तिला मजा आली की नाही हे ठरवणं म्हणजे ज्या पेपरात एकच पर्याय छापलाय, त्या पेपरातल्या उत्तरावरून विद्यार्थ्याची हुशारी ठरवण्यासारखं आहे. लेखात ‘तिला आवडतंय का’ हा प्रश्न येतच नाही. त्याला समाजाची रचना दाखवायची होती, ती त्याने दाखवली. पण आपण त्याची व्याख्या उचलून जिथे नातं नाही तिथेही लावतो. कॉलेजात, दुकानात, लॅबमध्ये एखादा मुलगा म्हणतो, ‘अरे, आमचं चालतं तसं, ती पण हसते.’ हा पूर्ण रॅडक्लिफ-ब्राउन आहे. फक्त ‘चालतं’ हे रूढीने ठरवलेलं नसून त्याने एकट्याने ठरवलेलं आहे.

तर प्रश्न असा: हसणं पुरावा नसेल, तर पुरावा कशाला म्हणायचं? इथे मानववंशशास्त्र सोडून आपण शेजारच्या विषयात जाऊ. त्याचं नाव संभाषण विश्लेषण. ही मंडळी बोलणं रेकॉर्ड करतात आणि कोण कुठे थांबलं, कुठे हसलं, कोणाचं वाक्य कुठे अर्धं राहिलं हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहून काढतात. माणसाच्या मनात काय होतं यावर ते बोलत नाहीत. त्याने पुढच्याच क्षणी काय केलं, एवढंच बघतात. ही शिस्त आपल्या कामाची आहे.

पण आधी एक प्रसंग घेऊ, म्हणजे मी काय म्हणतोय ते हातात राहील. शेलूबाजार तुमच्यापैकी बऱ्याच जणांना समृद्धी महामार्गावरच्या पाटीमुळे माहीत असेल. कारंजाकडून मालेगावकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव, मंगरूळपीर तालुक्यात. इथे ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. काउंटरवर एक मुलगी बसते, आणि फॉर्मसाठी आलेला एक मुलगा रोज तिथे रेंगाळतो. मी माझ्या झेरॉक्सच्या रांगेत होतो. हे बोलणं रेकॉर्ड केलेलं नाही, आठवणीतून लगेच वहीत उतरवलं, आणि दोघांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकलाय. म्हणजे पुरावा म्हणून हा कच्चा माल आहे, हे आधीच सांगतो. जेफरसनच्या पद्धतीने लिहायचं तर थांबा किती सेकंदांचा होता हे सांगावं लागतं, ते मी सांगू शकत नाही. (चोरून रेकॉर्ड केलं असतं तर सांगता आलं असतं. पण मग याच लेखात मी कुठल्या तोंडाने लिहिलं असतं?)

पहिल्या दिवशीचं बोलणं असं:

‘मॅडम, माया फोटो पाहून सर्व्हर डाउन झालं वाट्टे.’
‘फोटोनं नाई, तुह्या मार्कानं झालं.’
‘म्हणजे मार्क पाह्यले तू!’
‘पाहा लागते ना बाप्पा. फॉर्मात मलेच भरा लागते.’

चार-पाच दिवसांनी, तीच जागा, तीच माणसं:

‘आज काही बोलूनच नाई राह्यली. रुसली काय मायावर?’
(ती प्रिंटरकडे बघते. थोड्या वेळाने हसते.) ‘नाई ना.’
‘मंग एक चहा होऊन जाऊ दे.’
(हसून) ‘काम हाये ना… दुकान सोडता नाई येत.’
‘पाचच मिंटं. मी बोलतो ना तुह्या मालकासंगं.’
‘दादा, तुमची प्रिंट झाली. दहा रुपये.’

आता तुम्ही या मुलाला विचारलंत तर तो म्हणेल, दोन्ही दिवशी ती हसली. आणि ते खोटं नाही. उलट नोंदीत बघा: हसणं दुसऱ्या दिवशी दोनदा आहे आणि पहिल्या दिवशी एकदाही लिहिलेलं नाही. म्हणजे हसणं मोजलं तर दुसरा दिवस जास्त मजेचा ठरतो!

गेल जेफरसन या संशोधिकेचा १९७९चा एक लेख आहे, हसण्याचं आमंत्रण कसं दिलं जातं आणि ते कसं स्वीकारलं किंवा नाकारलं जातं यावर. तिचं निरीक्षण साधं आहे. बोलणारा आपल्या वाक्याच्या शेवटी स्वतः हसतो, ते एक आमंत्रण असतं. ऐकणारा त्यात हसला तर आमंत्रण घेतलं. तो हसला नाही आणि लगेच गंभीरपणे मूळ विषयावर बोलू लागला, तर आमंत्रण नाकारलं. आणि तो नुसताच गप्प राहिला, तर बोलणारा पुन्हा हसून पुन्हा आमंत्रण देऊ शकतो. म्हणजे गप्प बसणं म्हणजे नकार पूर्ण झाला असं होत नाही, दार उघडंच राहतं. म्हणूनच नकार द्यायचा असेल तर माणसाला काहीतरी कामाचं बोलावं लागतं. ‘तुमची प्रिंट झाली’ हे वाक्य या जागी ठेवून बघा.

पॉल ड्र्यू यांचा १९८७चा लेखही याच रांगेतला. विषय असा की चेष्टा झाल्यावर लोक काय करतात. आपल्याला वाटतं हसतात. ड्र्यूच्या नोंदींमध्ये लोक वारंवार कोरड्या चेहऱ्याने उत्तर देतात, चुकीची दुरुस्ती करतात, आणि हसले तरी त्या हसण्याबरोबर दुरुस्ती जोडतात. चेष्टा त्यांना कळलेली असते, तरीही. म्हणजे हसणं आणि ‘हे असं नाहीये’ म्हणणं एकाच उत्तरात राहू शकतं. ‘(हसून) काम हाये ना’ हे तसंच आहे. हसणं पुढच्याची लाज राखायला, आणि वाक्य त्याला थांबवायला. मुलाने पहिला अर्धा भाग ऐकला.

माझ्या मते या दोन दिवसांतला खरा फरक हसण्यात नाही, भर घालण्यात आहे. पहिल्या दिवशी मुलगी त्याच्या विनोदावर स्वतःचा विनोद चढवते. ‘तुह्या मार्कानं झालं’ हे कोणी तिच्याकडून मागितलं नव्हतं. तिने खेळात नवा पत्ता टाकला. शेवटी ‘बाप्पा’ म्हणत वैतागाचं सोंगसुद्धा आणलं. दुसऱ्या दिवशी तिच्या एकाही वाक्यात नवीन काही नाही. ‘नाई ना’, ‘काम हाये ना’. प्रत्येक उत्तर त्याच्या वाक्यापेक्षा तोकडं, आणि त्याला पुढे जायला काही धरायला देत नाही. रॅडक्लिफ-ब्राउनच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या दिवशी नातं बरोबरीचं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते एकतर्फी झालं. हा बदल मुलाने केला नाही, कारण तो दोन्ही दिवशी तसाच बोलत होता. बदल तिच्या बाजूने दिसतो. त्यामुळे स्वतःच्या बोलण्यावर कितीही लक्ष ठेवलं तरी हे कळणार नाही. बघावं लागतं ते समोरच्याच्या वाक्यांकडे.

दुसरी गोष्ट, आणि इथे इंग्रजीतल्या संशोधनात न सापडणारं काहीतरी मराठीत आहे. पहिल्या दिवशी ‘तुह्या मार्कानं’. शेवटच्या वाक्यात ‘दादा’ आणि ‘तुमची’. इंग्रजीत तू आणि तुम्हीसाठी एकच शब्द, त्यामुळे जेफरसन आणि ड्र्यू यांच्या नोंदींत हा सांधा दिसणं शक्यच नव्हतं. मराठीत एका अक्षरात अंतर वाढवता येतं, आणि वाढवणारीला कोणी ‘काय झालं?’ असं विचारू शकत नाही, कारण तिने आदरच तर दिलाय! बरोबर काढलेला भाऊ हा तर आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सभ्य नकार. रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी काही मुलं कॉलेजला दांडी का मारायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

पण जपून. ‘दादा’ म्हटलं म्हणजे नकार, असं वहीत लिहून ठेवू नका. आपल्या भागात भाजीवाला, कंडक्टर, अनोळखी पोलीस, सगळे ‘भाऊ’ आणि ‘दादा’ असतात. काउंटरवरची मुलगी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दादाच म्हणत असती तर त्या शब्दाला काहीही अर्थ नव्हता. अर्थ आहे तो बदलाला. तू होतं, तुम्ही झालं. नाव होतं, दादा झालं. मोकळी लांब वाक्यं होती, आखूड झाली. उत्तर झटकन यायचं, आता आधी प्रिंटरकडे बघणं येतं. एकाच माणसाच्या कालच्या बोलण्याशी आजचं बोलणं ताडून बघायचं असतं, दुसऱ्या कुणाशी नाही. काही लोक स्वभावानेच कमी बोलतात. त्यांच्या आखूड उत्तरावरून निष्कर्ष काढला तर तो चुकेल.

आता मधलं वाक्य: ‘दुकान सोडता नाई येत.’ मुलाने याचं काय केलं? त्याने ते अडचण समजून सोडवायला घेतलं. मालकाशी बोलतो, म्हणाला. १९९९ साली सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी एक लेख लिहिला, तो मी प्रत्येक संशोधन करणाऱ्याला वाचायला सांगेन. त्या काळी मुलींना शिकवलं जायचं की नको असेल तर सरळ ‘नाही’ म्हणा. या दोघींचं म्हणणं असं की कोणत्याही साध्या गोष्टीला, अगदी जेवायच्या आमंत्रणालाही, माणसं सरळ ‘नाही’ म्हणत नाहीत. ती थांबतात, ‘अं’ करतात, ‘यायचं होतं पण’ म्हणतात, आणि असं कारण देतात ज्यात दोष कोणाचाच नसतो. ‘येऊ शकत नाही’ म्हणतात, ‘यायचं नाही’ म्हणत नाहीत. आणि ऐकणाऱ्याला ते नकार म्हणून व्यवस्थित कळतं. मग फक्त याच एका बाबतीत मुलांना ते कळत नाही, हे कसं?

विचार करा, त्याच मुलाने मित्राला ‘चल, वाशीमला जाऊन येऊ’ म्हटलं असतं आणि मित्र म्हणाला असता, ‘घरी काम हाये ना गा’, तर तो मित्राच्या वडिलांना फोन करायला निघाला असता का? नाही. त्याला कळलं असतं. पुढे २००६ साली ओ’बर्न, रॅपली आणि हॅन्सन यांनी ऑस्ट्रेलियात तरुण मुलांच्या गटचर्चा घेतल्या. त्यात मुलांना आडवळणाचा नकार, देहबोलीतला नकार, सगळं चांगलं ओळखता येतं हे त्यांच्याच तोंडून बाहेर आलं. म्हणजे ‘मला कळलंच नाही’ हे ज्ञानाच्या अभावाचं वाक्य कमी आणि सोयीचं जास्त.

या लेखांवर माझे दोन आक्षेप आहेत. किट्झिंगर आणि फ्रिथ यांच्याकडे खऱ्या प्रसंगांच्या नोंदी नाहीत. त्यांच्याकडे गटचर्चेत मुली काय म्हणाल्या ते आहे, आणि नकाराबद्दलचं इतरांचं संशोधन आहे. त्या दोहोंवरून त्यांनी निष्कर्ष जोडलाय. जोड पक्की वाटते, पण जोड आहे. ऑस्ट्रेलियाचा अभ्यास तर मूठभर मुलांचा, आणि तोही गटात बसून बोललेला. गटात माणूस शहाणं बोलतो. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. नकार कसा दिला जातो यावर इतकं काम झालं, पण नकार द्यायची वेळच येऊ नये म्हणून दुसऱ्याने मध्येच हलकेच कसं विचारायचं, याकडे या लेखांत लक्ष नाही. सगळं ओझं तिच्या उत्तरावर टाकलंय. त्याच्या प्रश्नाची तपासणी कोण करणार?

ती आपण करू, कारण त्यासाठीचं हत्यार याच विषयात पडलेलं आहे. अनिता पोमेरान्त्झ यांचं १९८४चं काम आहे, सहमती आणि असहमतीबद्दल. सहमत असेल तर माणूस लगेच आणि सरळ बोलतो. असहमत असेल तर उशीर करतो, घुटमळतो, आडून बोलतो. म्हणजे प्रश्न कसा घातलाय यावर कोणतं उत्तर सोपं आणि कोणतं महाग हे ठरतं.

आता आपल्या मुलाचा प्रश्न बघा. ‘रुसली काय मायावर?’ वरवर हा विचारपूस करणारा प्रश्न आहे. काळजी आहे त्यात. पण याचं स्वस्त उत्तर एकच: ‘नाई ना.’ ‘हो, रुसले’ म्हणायचं तर आधी त्याच्यावर रुसण्याइतकं नातं मान्य करावं लागतं, आणि मग कारणही सांगावं लागतं. ‘राग आला का?’, ‘चालतं ना तुला?’, ‘मजाक करून राह्यलो, वाईट नको वाटून घेऊ’ ही सगळी त्याच कुळातली. शेवटचं तर प्रश्नही नाही, तो रॅडक्लिफ-ब्राउनचा नियम आहे, तोंडी सांगितलेला: राग मानायचा नाही हं. हे विचारून झाल्यावर ‘मी विचारलं होतं तिला’ असं म्हणता येतं, आणि हाती काहीच आलेलं नसतं.

मग उलटं घालून बघू. ‘माझं जरा जास्तच झालं ना?’ इथे ‘हो’ म्हणणं म्हणजे सहमती, म्हणजे सोपं. बरोबर? मलाही वाचताना पहिल्यांदा तेच सुचतं. पण पोमेरान्त्झ यांचाच एक पोटमुद्दा इथे आडवा येतो. माणूस स्वतःला कमी लेखतो तेव्हा नियम फिरतो. ‘मी किती जाड झालेय’ म्हटलं की आपण झटकन ‘छे, कुठे!’ म्हणतो. तिथे असहमती सोपी आणि सहमती उद्धट. ‘माझं जास्त झालं ना’ हे स्वतःला दोष देणारं वाक्य आहे, त्यामुळे ती बिचारी ‘नाई नाई, तसं काई नाई’ म्हणून मोकळी होणार. म्हणजे माफीच्या सुरातला प्रश्नही तिच्याकडून दिलासाच काढून घेतो.

तिसरं रूप असं हवं की ज्यात थांबणं हे सहमतीचं उत्तर असेल आणि दोष कोणाचाच नसेल. ‘चला, तुमचं काम चालू द्या, मी निघतो.’ किंवा वर्गमैत्रीण असेल तर ‘बरं, आता प्रॅक्टिकलचं बघू, हो ना?’ इथे ‘हो’ म्हटलं की संपलं, कोणी दुखावलं नाही. आणि तिला खरंच मजा येत असेल तर? तर तिला जास्तीचं काहीतरी करावं लागेल: ‘इतक्यात कुठं निघाला? मार्कांचं सांगितलंच नाही.’ हे उत्तर महाग आहे, सभ्यतेपोटी ते सहसा निघत नाही, म्हणूनच ते आलं तर त्याला पुरावा म्हणून वजन आहे. हलकेच तपासणं म्हणजे माझ्या लेखी हे. दोर सैल सोडायचा आणि समोरचं माणूस तो उचलतं का बघायचं. यात गंभीर चेहरा करून चौकशी करावी लागत नाही आणि खेळातली मजाही जात नाही.

व्हॉट्सॲपवर हेच जास्त सोपं दिसतं. तिथे हसण्याची चित्रं फुकट असतात, ती मोजू नका. आठवड्याभरात किती वेळा संभाषण समोरून सुरू झालं ते बघा. तुम्ही दोन दिवस गप्प राहिल्यावर काय झालं ते बघा. फक्त दोन दिवस गप्प राहून मग ‘विसरली वाट्टे’ असं टाकलं, तर दोर सैल सोडला असं होत नाही. ती ओढ आहे.

आता मर्यादा, आणि या मर्यादेवरच अर्धी प्रकरणं बिघडतात. वरचा दोर सैल सोडायचा उपाय तिथेच चालतो, जिथे समोरचं माणूस उठून जाऊ शकतं. काउंटरवरची मुलगी जाऊ शकत नाही. ती तिथे पगारावर आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिचं काम आहे, आणि तो मुलगा ‘मालकासंगं बोलतो’ म्हणाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं नसेल, पण ते वाक्य तिला धमकीसारखंही ऐकू जाऊ शकतं. पहिल्या दिवशीची तिची बरोबरीची टोलेबाजीसुद्धा काही अंशी कामाचा भाग असू शकते. म्हणून अशा जागी मी तिच्या ‘भर घालण्यालाही’ पूर्ण पुरावा मानणार नाही.

जागा अडलेली असली की माणसं कशी वागतात यावर वुडझिका आणि लाफ्रान्स यांचा २००१चा एक प्रयोग आहे. मुलींच्या एका गटाला विचारलं: नोकरीच्या मुलाखतीत पुरुषाने तुम्हाला तीन आगाऊ प्रश्न विचारले तर काय कराल? ६८ टक्के म्हणाल्या, निदान एका प्रश्नाचं उत्तर आम्ही देणार नाही. मग दुसऱ्या मुलींना खरोखरची वाटावी अशी मुलाखत देऊन तेच प्रश्न विचारले. उत्तर नाकारणारी एकही निघाली नाही. कल्पनेत राग होता, प्रत्यक्षात भीती होती, आणि चेहऱ्यावर बऱ्याचदा डोळ्यांपर्यंत न पोचणारं हसू. ‘नको होतं तर बोलायचं ना तेव्हाच’ असं म्हणणारे लोक पहिल्या गटाची उत्तरं डोक्यात ठेवून दुसऱ्या गटातल्या मुलीला न्याय देत असतात.

हे आपल्या घरचंही आहे, म्हणून सांगतो. संशोधनाला आलात की तुम्ही कधी काउंटरच्या या बाजूला असाल, कधी त्या. गाइडच्या केबिनमध्ये बसलेली ज्युनियर स्कॉलर, सही बाकी असलेला मुलगा, फील्डवर्कमध्ये ज्याच्या घरी आपण मुलाखतीला गेलोय तो माणूस, आणि त्याच्या घरी एकटी गेलेली आपली मैत्रीण. प्रत्येक ठिकाणी विचारायचं एवढंच: हा हसला नाही तर याचं काय अडेल? काही अडत असेल, तर तिथलं हसणं वाचायला जाऊ नका आणि थट्टाही तिथे सुरू करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३च्या कायद्याची व्याख्याही ‘नकोसं’ वागणं यावर उभी आहे. करणाऱ्याच्या मनात काय होतं यावर नाही, समोरच्याला ते हवं होतं का यावर. यूजीसीचे २०१५चे विनियम तेच विद्यापीठात आणि कॉलेजात लागू करतात, तुम्ही विद्यार्थी असा की कर्मचारी.

राहता राहिला साळ्या आणि नवरदेवाचा प्रश्न, कारण तो कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. बूट लपवणं मला चालतं. तिथे खेळाला ठरलेली सुरुवात आहे, पैशांवर घासाघीस आहे, सगळ्यांसमोर आहे, आणि बूट परत मिळाले की तो संपतो. पण लग्नानंतर सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात एकट्या असलेल्या साळीला ‘आधी घरवाली’ म्हणणारा जिजा त्याच परवान्यावर बोलत असतो, आणि तिथे खेळ संपवायची सोय कुणाकडेच नसते. ती ‘जिजाजी, ताईला बोलवू का?’ म्हणते. रॅडक्लिफ-ब्राउनच्या तक्त्यात हे दोन्ही प्रसंग एकाच रकान्यात बसतील. तुम्हाला पीएचडीसाठी विषय हवा असेल तर या दोन प्रसंगांना वेगळे रकाने लागतात हे मराठीतल्या रेकॉर्ड केलेल्या, परवानगी घेतलेल्या नोंदींवरून दाखवा. तू-तुम्हीचा बदल नेमका कुठल्या वाक्यावर येतो, त्याच्या आधी किती थांबा असतो, आणि नातं सांगणारं संबोधन वाक्याच्या सुरुवातीला येतं की शेवटी, इथून सुरुवात करता येईल.